डांबर संपतं तिथून पुढे

कर्नाटकातल्या कोडगू जिल्ह्यात, मडिकेरीहून नापोक्लूमार्गे कक्कबेकडे जाताना रस्ता हळूहळू अरुंद होत जातो. आधी दोन गाड्या सहज जातील एवढी रुंदी असते, मग समोरून बस आली की एकाला बाजूला घ्यावं लागतं. कक्कबेच्या पुढे कब्बिनकाडच्या तिठ्यापासून एक फाटा नालकनाडच्या जुन्या राजवाड्याकडे आणि तडियंडमोल डोंगराकडे चढतो. तडियंडमोल 1748 मीटर उंच, म्हणजे कोडगूतलं सर्वांत उंच शिखर. या डोंगराच्या कुशीत, कॉफीच्या आणि मिरीच्या मळ्यांत काही घरं आहेत. तिथे पाहुण्यांची राहण्याची सोय होते. पण त्यांतल्या काही घरांपर्यंत डांबर जात नाही. खाली फाट्यावर ते संपतं आणि वर जाते ती फक्त दोन चाकांच्या चाकोऱ्यांची, दगडगोट्यांची जीपवाट.

महाराष्ट्रातून कोडगूला स्वतःच्या गाडीने जाणारी कुटुंबं बरीच आहेत. खोली ठरवताना घराचे फोटो पाहिले जातात, जेवणात काय मिळेल ते विचारलं जातं, पैसे पाठवले जातात. शेवटच्या दोन-तीन किलोमीटरची चौकशी मात्र फार थोडे जण करतात. प्रवासाचा अख्खा दिवस कसा आखायचा हे तेच दोन-तीन किलोमीटर ठरवतात, म्हणून इथे त्यांच्याबद्दलच लिहितो आहे.

आधी, डांबर तिथेच का संपतं? सरकारने दुर्लक्ष केलं, हे उत्तर पटकन सुचतं. कारण वेगळं आहे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेसारख्या योजना वस्तीची लोकसंख्या पाहून रस्ता देतात. 2000 साली ही योजना सुरू झाली तेव्हा सपाट भागात 500 आणि डोंगरी राज्यांत वा आदिवासी भागांत 250 लोकवस्ती हा निकष होता. पन्नास-शंभर एकरांच्या मळ्याच्या मधोमध असलेलं एकटं घर अशा कुठल्याच निकषात बसत नाही. वरची वाट बहुतेक वेळा मळ्याचीच खाजगी वाट असते. मळेवाल्याने किंवा त्याच्या आजोबांनी ती कॉफीची पोती खाली आणण्यासाठी काढलेली असते. माणसांनी गाडीत बसून आरामात वर यावं, हा हेतू तेव्हा नव्हता.

दुसरं कारण चढाचं. आपल्याकडे डोंगराळ भागातल्या रस्त्याचा चढ शक्यतो वीस मीटरला एक मीटरच्या आसपास ठेवावा, असा संकेत आहे. अगदीच नाइलाज असला तर थोडा अधिक. म्हणून घाटाला इतकी वळणं असतात. मळ्याच्या वाटेला असा लांबचा वळसा घेणं परवडत नाही, कारण प्रत्येक वळणाबरोबर कॉफीची झाडं जातात. मग ती वाट सरळ उभी चढते. काही टप्प्यांवर पाच-सहा मीटरला एक मीटर इतका चढ सहज असतो.

तिसरं कारण पाणी. सह्याद्रीच्या या पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने धो धो पाऊस असतो. डांबराचा खरा शत्रू पाणीच. वरचा थर एकदा फुटला की पाणी आत शिरतं, खालची खडी सैल होते आणि पुढच्या पावसाळ्यात तुकडेच्या तुकडे निघून येतात. उभ्या चढावर, झाडांच्या दाट सावलीत, जिथे जमीन लवकर वाळतच नाही, तिथे एका घराच्या खर्चाने डांबर टिकवणं शक्य नसतं. म्हणून जाणते मळेवाले डांबराच्या नादी लागत नाहीत. जिथे चाकं घसरतात त्या उभ्या वळणांवर चाकांपुरते सिमेंटचे दोन पट्टे टाकतात आणि बाकी वाटेवर दगड बसवतात. पावसाळा संपला की मजूर लावून चाकोऱ्यांतल्या खळग्यांत पुन्हा दगड भरले जातात, कडेचे चर साफ होतात, वाटेवर झुकलेल्या फांद्या छाटल्या जातात. आपण जिला खराब रस्ता म्हणतो, तिच्यावर दरवर्षी एवढी मेहनत झालेली असते.

या वाटेवर आपली हॅचबॅक का चढत नाही, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण तिथे पोचल्यावर 'थोडं जाऊन तर बघू' असा मोह होतोच. सगळ्यात आधी आड येते ती गाडीची जमिनीपासूनची उंची. साध्या छोट्या गाडीला ती 165 ते 180 मिलीमीटर असते, पण रिकाम्या गाडीला. पाच माणसं बसली, डिकी भरली की गाडी आणखी खाली बसते. चाकोरी खोल झालेली असते आणि दोन चाकोऱ्यांच्या मधला पट्टा उंच उरलेला असतो. त्या पट्ट्यात एखादा टोकदार दगड असला की तो थेट चेंबरला लागतो. चेंबर म्हणजे इंजिनाखालची तेलाची टाकी. ती फुटली तर इंजिनातलं तेल काही मिनिटांत वाहून जातं, आणि लाल दिवा दिसूनही माणूस गाडी चालवत राहिला तर इंजिनच बसतं.

पण एकट्या उंचीने भागत नाही. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांची ताकद पुढच्या चाकांना जाते. गाडी उभ्या चढावर असताना तिचं वजन मागे सरकतं. त्यात मागे तीन माणसं आणि डिकीत बॅगा. म्हणजे जी चाकं ओढणार, त्यांच्यावरचं वजनच कमी होतं. ती गरगर फिरू लागतात आणि गाडी जागची हलत नाही. मग चालवणारा क्लच अर्धा दाबून इंजिन जोरात फिरवतो. थोड्याच वेळात जळक्या रबरासारखा उग्र वास येतो. तो क्लच जळत असल्याचा वास. तो आल्यावर पुढे जाण्याचा प्रयत्न तिथल्या तिथे सोडला पाहिजे. क्लच पुरता गेला तर गाडी त्या चढावरून ओढून खाली आणावी लागते, आणि तिथे क्रेन पोचत नाही.

जीप इथे वेगळी ठरते ती दोन गोष्टींनी. तिची चारही चाकं ओढतात आणि तिला नेहमीच्या गिअरांखेरीज आणखी एक जड जोडणी असते. तिला लो म्हणतात. लो टाकलं की चाकांवरची ओढ सुमारे अडीच पट होते आणि वेग तितकाच कमी. माणूस चालेल तेवढ्याच गतीने जीप एकेक दगडावर चाक ठेवत वर सरकते. क्लच दाबून धरावा लागत नाही, इंजिनावर ताण येत नाही. जीप वेगात नेली तर तीही उडते, आपटते आणि टायरची बाजू दगडाने कापली जाते. म्हणून अनुभवी चालक सगळा चढ एकाच गिअरमध्ये, न थांबता, न घाई करता नेतो. चाकं चाकोरीत न घालता एक चाक मधल्या उंच पट्ट्यावर आणि दुसरं कडेला ठेवतो, म्हणजे खोल चाकोरी जीपच्या पोटाखालून जाते. उतरतानाही तो लोमध्येच असतो. ब्रेक अगदी हलके लावतो आणि इंजिनाच्याच रोधावर गाडी खाली सोडतो. उतारावर सतत ब्रेक दाबत राहिलं तर ते तापून काम करेनासे होतात.

चढावर चाकं फिरू लागली तर तो काय करतो, हेही पाहण्यासारखं असतं. जोर लावत नाही. थांबतो, रिव्हर्समध्ये घालतो आणि स्टिअरिंग सरळ धरून थोडा मागे येतो. दुसऱ्या रेषेने पुन्हा चढतो. चढाच्या मधोमध गाडी वळवायचा प्रयत्न तो कधीच करत नाही, कारण आडवी झालेली गाडी कलंडू शकते.

आता एक प्रवास पूर्ण आखून पाहू. समजा, डिसेंबर महिना आहे आणि कोल्हापूरचं पाच जणांचं कुटुंब निघालं आहे: आई-वडील, दोन मुलं आणि आजी. गाडी छोटीच. पहिल्या दिवशी बेळगाव, हुबळी, दावणगेरे करत हासनपर्यंत यायचं, साधारण साडेपाचशे किलोमीटर. मुक्काम हासनला. दुसऱ्या दिवशी हासनहून मडिकेरी सव्वाशे किलोमीटरच्या आत, तिथून कक्कबे आणखी 35 ते 40 किलोमीटर. अंतर पाहिलं तर वाटतं, सकाळी आरामात निघावं, वाटेत दोन ठिकाणं पाहावीत आणि रात्रीच्या जेवणाला पोचावं.

हिशोब उलटा करायला हवा, घरापासून मागे. डिसेंबरात तिथे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, पण डोंगराच्या पूर्वेकडच्या उतारावर, सावलीच्या झाडांखाली त्याआधीच अंधारून येतं. वरची वाट तीन किलोमीटरची असली तरी जीपला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. पाच माणसं आणि बॅगा एका फेरीत मावल्या नाहीत तर दुसरी फेरी. म्हणजे वर जाणं, खाली येणं आणि पुन्हा वर, सव्वा तास गेला. शेवटचा माणूस उजेडात वर पोचायचा असेल तर कुटुंबाने साडेचारला फाट्यावर उभं असायला हवं. मडिकेरी ते फाटा हा वळणावळणाचा रस्ता सव्वा ते दीड तास घेतो. म्हणजे मडिकेरी तीनच्या आत सुटली पाहिजे. जेवण मडिकेरीत एक ते दोन. हासनहून मडिकेरीला तीन तास धरले तर हासन सकाळी साडेनऊला सोडायला हवं. वाटेतली दोन ठिकाणं यात बसत नाहीत. ती परतीच्या दिवसासाठी ठेवावीत.

उजेडाचा एवढा आग्रह का? कोडगूतल्या कॉफीच्या मळ्यांत हत्ती शिरतात. संध्याकाळनंतर मळ्यातल्या वाटेवर चालत जायचं नाही, हे तिथल्या मजुरांनाही पक्कं ठाऊक असतं. रात्री जीप बंद पडली तर 'चला, उरलेलं चालत जाऊ' हा पर्यायच उरत नाही. आणि अंधारात चालकाला दगड दिसतात, पण दरीकडची कड कुठे खचली आहे ते नीट दिसत नाही.

निघण्याआधी यजमानांना करायचा फोन मोलाचा असतो, पण प्रश्न नेमका हवा. 'रस्ता चांगला आहे का?' याला उत्तर नेहमी 'हो' असंच येतं. रोज त्याच वाटेने जाणाऱ्याला ती चांगलीच वाटते. त्याऐवजी विचारावं, तुमच्याकडे गॅसची टाकी वर कशातून येते? गेल्या आठवड्यात कुणा पाहुण्याची छोटी गाडी वर आली होती का? ती गाडी कोणती? यांची उत्तरं खरी येतात. जीपचं भाडं प्रत्येक फेरीचं की प्रत्येक माणसाचं, जाण्या-येण्याचं मिळून की वेगवेगळं, हेही आधीच विचारून घ्यावं. फाट्यावर उगाच कटुता येत नाही. आणि गाडी कुठे ठेवायची, तेही. बहुतेक यजमानांनी खाली कुणाच्या तरी अंगणात किंवा दुकानाशेजारी जागा ठरवलेली असते.

आजींबद्दल मात्र वेगळं बोलावं लागतं. कंबरेचं किंवा मणक्याचं दुखणं असलेल्यांना, गरोदर बाईला आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांना ही वाट सोसत नाही. यजमानांना मोकळेपणाने सांगावं. अनेक जण आजींना पुढे चालकाशेजारी बसवून, फेरी आणखी सावकाश नेतात. काही जण स्पष्ट नाही म्हणतात. तो नकार मानावा.

फोनवरच्या नकाशाचं काय करायचं? मुख्य रस्त्यापर्यंत त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. पुढे नाही. नकाशावर डांबरी रस्ता आणि मळ्याची वाट पुष्कळदा एकसारख्या रेषेने दिसतात, आणि तो वेळही नेहमीच्या रस्त्यासारखा धरतो. त्याहून वाईट म्हणजे कधीकधी तो डोंगराच्या दुसऱ्या बाजूने जवळची वाट दाखवतो, जिथे प्रत्यक्षात पायवाटच असते. म्हणून घराच्या खुणेऐवजी फाट्याची खूण नकाशात आधीच नोंदवून ठेवावी आणि तो भाग घरूनच उतरवून घ्यावा. मडिकेरी सोडताना एक फोन करावा, नापोक्लूला पोचल्यावर दुसरा. पुढे आवाज लागेलच असं नाही. दुसऱ्या फोननंतर जीप वरून निघते, म्हणजे तिला खाली ताटकळावं लागत नाही आणि आपल्यालाही.

गाडी ठेवताना फणस किंवा नारळाच्या झाडाखाली लावू नये. तोंड बाहेरच्या बाजूला, गिअरमध्ये, चाकांमागे दगड. दमट हवेत हँडब्रेक दोन-चार दिवस ओढून ठेवला की मागच्या चाकांचे ब्रेक चिकटून बसू शकतात, म्हणून जागा सपाट असेल तर दगडांवर भिस्त ठेवावी. पेट्रोल मडिकेरीतच भरून घ्यावं.

जीपमध्ये जड सामान खाली, शक्य तितकं पुढे. टपावर बॅगा चढवल्या की जीप डोलते आणि वळणावर तोल जातो. मागच्या आडव्या बाकांवर बसणाऱ्यांनी हात बाहेर काढू नयेत. कॉफीच्या आणि मिरीच्या वेलींच्या फांद्या दोन्ही बाजूंनी सपासप लागतात. चालकाला 'अण्णा, जरा हळू' म्हणायला संकोचू नये, तो खरंच हळू नेतो.

पावसाळ्याचा हिशोब निराळा. ओल्या लाल मातीवर चारही चाकं ओढणारी जीपही घसरते. मोठी सर कोसळून गेली तर यजमान तास-दोन तास खालीच थांबायला सांगतात, पाणी वाहून जाऊ द्यायला. त्यांच्यावर चिडू नये. कोडगूने 2018च्या ऑगस्टमध्ये भूस्खलनात माणसं, घरं आणि रस्ते गमावले आहेत. 2020च्या ऑगस्टमध्ये तलकावेरीजवळ ब्रह्मगिरीचा उतार घसरला. तिथली माणसं डोंगराकडे बघून निर्णय घेतात. दरीकडच्या कडेला नवी लांब भेग पडली असेल, झाडं एका बाजूला कलली असतील, कोरड्या उतारातून अचानक गढूळ पाणी फुटलं असेल, तर जीप वर न नेता मुक्काम खाली हलवतात. पाहुण्याने आगाऊ पैसे दिलेत म्हणून हे बदलत नाही, बदलूही नये. आपणही त्या रात्रीसाठी मडिकेरीत किंवा विराजपेटेत राहण्याची दुसरी सोय डोक्यात ठेवून निघावं.

आता ज्याबद्दल मला सगळ्यात तळमळीने सांगायचं आहे ते. आपली गाडी वर चढवून बघण्याचा धोका आपल्याला असतोच, पण त्याहून जास्त तो वर राहणाऱ्यांना असतो. पुढची चाकं जागेवर गरगरतात तेव्हा ती बसवलेले दगड उखडतात आणि मातीत खड्डा करतात. पुढच्या पावसात पाणी त्याच खड्ड्यातून वाट काढतं आणि खड्ड्याची नाली होते. ज्या वाटेची डागडुजी ऑक्टोबरात मजुरी देऊन केली, ती एका दुपारी बिघडते. शिवाय अडकलेली गाडी ती एकुलती एक वाट बंद करते. डिसेंबर ते फेब्रुवारी हा कॉफीच्या तोडणीचा हंगाम, त्याच वाटेने पोती खाली जातात. वरची मुलं शाळेतून त्याच वाटेने येतात. कुणाला साप चावला, कुणाच्या छातीत दुखलं तर दवाखान्यात जायची वाट तीच. दोन-तीन तास रुतलेली एक चकचकीत गाडी या सगळ्याच्या आड येते. 2000च्या आसपास कॉफीचे भाव जगभर कोसळले आणि त्यानंतर कित्येक मळेवाल्यांनी घरातल्या खोल्या पाहुण्यांसाठी उघडल्या. पाहुणे त्यांना हवे आहेत. वाट बिघडवणारे पाहुणे मात्र त्यांना परवडत नाहीत, आणि पुष्कळदा भिडेपोटी ते तसं बोलत नाहीत.

उलट बाजूने हेही खरं, की उंच आणि चारही चाकं ओढणारी गाडी असलेल्या पाहुण्याला यजमान कधीकधी वर यायची परवानगी देतात. तेव्हाही पहिली फेरी त्यांच्या जीपमागून करावी, स्वतःच्या अंदाजाने नाही. जीप जिथे चाक ठेवते तिथेच आपलं चाक. पुढची गाडी वळण पार करून थांबेपर्यंत चढाला हात घालायचा नाही, कारण ती मागे सरकली तर आपल्याला सरकायला जागा हवी. लो कसं टाकायचं हे गाडी विकणाऱ्याने शोरूममध्ये एकदा दाखवलं असेल, पण ते घरून निघण्याआधी एखाद्या मोकळ्या मैदानावर स्वतः करून पाहिलेलं असावं. उभ्या चढाच्या पायथ्याशी पुस्तिका उघडण्याची वेळ येऊ नये.

परतीच्या दिवसाची वेळ आदल्या रात्रीच जेवताना यजमानांना सांगावी. सकाळी जीप मजुरांना आणायला किंवा दूध पोचवायला खाली गेलेली असते, आणि ती आठला लागणार की दहाला, यावर त्यांचा दिवस ठरतो. मैसूरहून गाडी किंवा कण्णूरहून विमान पकडायचं असेल तर त्या वेळेतून जीपच्या दोन फेऱ्या आणि तासाभराची सैल वजा करावी. खाली आल्यावर गाडी सुरू करण्याआधी तिच्याखाली वाकून एकदा बघावं, तेलाचे थेंब पडले आहेत का, टायरच्या बाजूला काप आहे का, चाकांमागचे दगड काढले का. पहिल्या उतारावर वेग घेण्याआधी ब्रेक दोन-तीनदा दाबून पाहावा, कारण दोन-चार दिवस दमट हवेत उभ्या राहिलेल्या गाडीच्या चकत्यांवर गंज धरतो. तो पहिल्या काही दाबांतच निघून जातो.